गोऱ्हे आणि बोकड यांचे खच्चीकरण : पद्धत, वय आणि नंतरची देखभाल

खच्चीकरण म्हणजे नराच्या वृषणांचे काम कायमचे बंद करणे. बैलाच्या बाबतीत गावोगाव ‘गोऱ्हा बडवला’ किंवा ‘ठेचला’ असे म्हणतात आणि बोकडाच्या बाबतीत ‘खस्सी केला’ असे म्हणतात. बडवणे आणि ठेचणे हे शब्द जुन्या पद्धतीवरून आले आहेत. त्या पद्धतीत जनावर आडवे पाडून त्याची वृषणे लाकडाच्या दोन दांडक्यांमध्ये धरत आणि मोगरीने किंवा दगडाने चेचत. शब्द टिकले, पण पद्धत टिकण्यासारखी नव्हती. तिच्यात मार बसत होता वृषणाला, आणि बंद व्हायला हवी होती वृषणाला रक्त पुरवणारी दोरी. खच्चीकरणाची योग्य पद्धत, योग्य वय आणि योग्य देखभाल या तिन्ही गोष्टी या एका फरकातून समजतात.

गोऱ्ह्याचे खच्चीकरण मुख्यतः कामासाठी होते. खोंड वयात आला की तो आवरत नाही, दुसऱ्या खोंडाशी झुंजतो आणि गाई दिसल्या की जू सोडून धावतो. महाराष्ट्रात 2015 सालापासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे गाईच्या नर वासराचा विचार ओढकामाच्या किंवा पैदाशीच्या दृष्टीनेच करावा लागतो. दुसरे कारण पैदाशीचेच आहे. चरायला जाणाऱ्या कळपात निवडलेला वळू एक आणि बिननिवडीचे खोंड चार, अशी स्थिती असली की गाई कोणाकडून गाभण राहतील याला धरबंध राहत नाही. बाप-लेकीचा किंवा भावा-बहिणीचा संकर त्यातूनच होतो. बोकडाच्या बाबतीत हाच धोका फार लवकर उभा राहतो. उस्मानाबादी शेळीचा नर चार-पाच महिन्यांतच माजावरच्या शेळीवर चढू लागतो, आणि त्या वेळी तो बहुधा आपल्या आईच्या आणि बहिणींच्याच कळपात असतो. त्याशिवाय खस्सी बोकडाच्या अंगाला आणि मटणाला उग्र वास येत नाही, तो शांत राहतो आणि त्याच्या अंगावर चरबी लवकर धरते. मात्र नर वेगळे बांधायची सोय असेल आणि चार महिन्यांच्या आत ते विकले जाणार असतील, तर खच्चीकरणाची गरजच उरत नाही. खच्ची न केलेला नर वाढतोही अधिक वेगाने.

प्रत्येक वृषण एका दोरीला लोंबलेले असते. अंडकोशाच्या मानेशी, म्हणजे तो पोटाला जुळतो त्या अरुंद भागात, बोटांनी चाचपले की पेन्सिलीसारखी किंवा त्याहून जाड, घट्ट आणि निसटती अशी ही दोरी हाताला लागते. वृषणात रक्त नेणारी धमनी, रक्त परत आणणाऱ्या शिरांचे जाळे, मज्जातंतू आणि वीर्यवाहिनी हे सारे तिच्यात असते. दोरी दाबून तिच्यातली धमनी पूर्ण चिरडली की वृषणाला रक्त मिळत नाही आणि ते आतल्या आत मरून सुकत जाते. अंडकोशाच्या कातडीचा रक्तपुरवठा मात्र वेगळ्या धमनीतून, कातडीखालून आणि मधल्या पडद्यातून येतो. त्यामुळे दोरी चिरडूनही कातडी जिवंत ठेवता येते. वृषण मरावे आणि त्यावरचे कातडे जगावे, हेच चांगल्या खच्चीकरणाचे सूत्र आहे.

या सूत्राशी ताडून पाहिले की जुन्या-नव्या चारही पद्धतींचे गुणदोष उघड होतात. ठेचण्याच्या पद्धतीत वृषणाचा लगदा होतो, पण धमनी शाबूत राहू शकते. मग वृषणाचा काही भाग जगतो आणि बैल अर्धवट खच्ची राहतो. वेदना आणि सूज तर कित्येक दिवस राहते. शस्त्रक्रियेत अंडकोश चिरून वृषण बाहेर काढतात आणि दोरी पिळून किंवा बांधून तोडतात. ही पद्धत सर्वांत खात्रीची, कारण वृषण काढलेले डोळ्यांना दिसते. पण जखम उघडी राहते, आणि गोठ्याच्या ओलीत तिच्यात पू होणे, माशी बसून अळ्या पडणे, रक्तस्राव होणे हे धोके येतात. रबरी कड्याच्या पद्धतीत चार दांड्यांच्या चिमट्याने कडे ताणून ते अंडकोशाच्या मानेवर चढवतात. कड्याखालचा सारा भाग, कातडीसह, सुकतो आणि दोन ते चार आठवड्यांत गळून पडतो. हे काम स्वस्त आणि सोपे दिसते, पण कड्याखाली कातडी मरत असताना ओली खाच पडते आणि धनुर्वाताच्या जंतूंना नेमकी अशीच, हवा न पोचणारी जागा हवी असते. पिलू आठवड्याच्या आतले असेल तरच ही पद्धत सुसह्य ठरते. मोठ्या वासराला कडे लावणे म्हणजे त्याला आठवडेच्या आठवडे ठणका देणे होय.

चौथी पद्धत बर्डिझो चिमट्याची. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीत तयार झालेल्या या चिमट्याला त्याच्या निर्मात्या पशुवैद्याचे नाव मिळाले. तो लांब दांड्यांच्या पकडीसारखा असतो. त्याचे जबडे बोथट असल्याने कातडी कापत नाहीत, पण आतली दोरी चिरडतात. रक्त सांडत नाही, जखम होत नाही, म्हणून पावसाळी आणि माश्यांच्या मुलखात तो सर्वांत सोयीचा ठरला आणि महाराष्ट्रातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत तोच चालतो. त्याचा मोठा दोष एकच आहे. दोरी चिरडली गेली की नाही हे त्या क्षणी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे सारा भरवसा हाताच्या स्पर्शावर आणि चिमट्याच्या धारेवर असतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी चिमटा तपासावा लागतो. त्याची साधी परीक्षा अशी, की जाड कागदाच्या दोन तुकड्यांमध्ये सुतळीचा दोरा धरायचा आणि त्यावर चिमटा पूर्ण मिटायचा. दोरा तुटला पाहिजे आणि कागद शाबूत राहिला पाहिजे. दोरा तुटला नाही तर जबडे सैल झाले आहेत आणि धमनी सुटेल. कागद फाटला तर जबड्याला खाच पडली आहे आणि कातडी कापेल. काम संपल्यावर चिमटा पूर्ण मिटून ठेवत नाहीत. जबडे किंचित उघडे ठेवतात, म्हणजे सांध्यावर ताण राहत नाही आणि पकड ढिली होत नाही.

उदाहरणादाखल वीस महिन्यांचा, साधारण दोनशे किलोंचा खिल्लार गोऱ्हा घ्यावा. आदल्या रात्रीपासून त्याला वैरण देत नाहीत. पोट भरलेले जनावर आडवे पाडले तर पोटफुगी होते आणि छातीवर दाब येतो. सकाळी त्याला खोड्यात घेतात किंवा मऊ जमिनीवर दोराने पाडून मागचे पाय बांधतात. सर्वांत आधी दोन्ही वृषणे अंडकोशात उतरली आहेत का हे चाचपून पाहतात. एकच उतरले असेल तर त्या दिवशी चिमटा लावत नाहीत, कारण वर राहिलेले वृषण नंतर सापडत नाही आणि खच्ची दिसणारा बैल गाईंमागे धावत राहतो. अंडकोशात मऊ, दाबले की आत सरकणारी गाठ लागली तर ती आतड्याची असू शकते. अशा जनावरावर चिमटा चालवणे म्हणजे आतडे चिरडणे, त्यामुळे तिथेच थांबून शस्त्रक्रियेचा विचार करतात.

भूल देणे हा कामाचा भाग आहे, चैन नव्हे. पशुवैद्य प्रत्येक दोरीजवळ दोन टक्के लिग्नोकेनची साधारण पाच मिलिलिटर सुई देतात आणि पाच ते दहा मिनिटे थांबतात. मग एक जण डाव्या हाताने एका बाजूची दोरी चाचपून अंडकोशाच्या मानेच्या बाहेरच्या कडेला सरकवतो आणि अंगठा व बोटांत घट्ट धरून ठेवतो. दोरी निसटली नाही हे नक्की झाल्यावरच चिमटा मिटतो. मिटताना कर्र असा आवाज किंवा कंप हाताला जाणवतो. चिमटा तसाच काही सेकंद मिटून ठेवतात. मग तो उघडून त्याच दोरीवर सुमारे एक सेंटिमीटर खाली पुन्हा मिटतात. दुसरा दाब पहिल्याने न तुटलेले रक्तमार्ग पकडतो, म्हणून तो टाळू नये. दुसऱ्या बाजूच्या दोरीवरही दोन दाब देतात, पण ते पहिल्या बाजूच्या दाबांच्या सरळ रेषेत येऊ देत नाहीत. दोन्ही बाजूंच्या खुणा सलग आडव्या जोडल्या गेल्या तर कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि अंडकोश काळा पडून सडतो. मधल्या पडद्याची पट्टी त्यासाठी मोकळी राहिली पाहिजे. चिमट्याच्या जबड्यात नराचे खुरटे सड किंवा शिश्नाचा भाग सापडणार नाही हेही दर वेळी बघावे लागते. ही चूक लहान पिलात सहज होते आणि तिच्यामुळे मूत्रमार्ग बंद पडू शकतो.

गोऱ्ह्याच्या योग्य वयाबद्दल शेतकरी आणि पशुवैद्य यांची मते वेगळी दिसतात, पण दोन्ही मतांमागे खरे कारण आहे. वृषणे लहान असतात तेव्हा काम सोपे असते, सूज कमी येते आणि वेदना थोड्या काळाची असते. त्यामुळे केवळ वेदनेचा विचार केला तर लवकर करणे बरे. ओढकामाच्या बैलाला मात्र खांदा, मान आणि वशिंड लागते, आणि हे भाग नराच्या हार्मोनमुळेच भरतात. हाडांची टोके बंद होण्याचा वेगही त्याच हार्मोनवर अवलंबून असतो. फार लवकर खच्ची केलेला गोऱ्हा त्यामुळे पायाने लांब आणि मानेने बारीक राहतो. जू खांद्यावर बसते त्या जागी मांस नसेल तर चामडी सोलते आणि सूज येते. उलट खूप उशीर केला तर खोंडाच्या सवयी पक्क्या होतात. तो खच्ची झाल्यानंतरही झुंजतो आणि मोठ्या वृषणांवर सूजही मोठी येते. म्हणून खिल्लार, देवणी, लाल कंधारी यांसारख्या कामाच्या जातींमध्ये साधारण दीड ते अडीच वर्षांचा काळ रूढ आहे. खांदा भरू लागला आहे, पण गोऱ्हा अजून कळपाचा वळू झालेला नाही, अशी ती वेळ. संकरित वासरे वर्षाच्या आसपासच वयात येऊ शकतात आणि त्यांना ओढकामही क्वचितच असते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

बोकडाचे वय ठरवताना वेगळाच हिशेब येतो. लहान पिलात शिश्नाचे टोक भोवतालच्या आवरणाला चिकटलेले असते. ते सुटायला आणि मूत्रमार्ग रुंद व्हायला नराच्या हार्मोनची मदत लागते. फार लवकर खस्सी केलेल्या बोकडात मूत्रमार्ग अरुंद राहतो. पुढे त्याला धान्याचा खुराक मिळाला की मूत्रात खडे होतात आणि ते वळणदार मूत्रमार्गात अडकतात. असा बोकड वारंवार पाठ वाकवून कुंथतो, थेंबथेंब मुततो किंवा मुततच नाही. मूत्राशय फुटण्याआधी इलाज झाला नाही तर तो दगावतो. दुसरीकडे चार-पाच महिन्यांपर्यंत थांबले तर तो कळपातल्या शेळ्या गाभण करतो. या दोन टोकांमध्ये तीन महिन्यांच्या आसपासचे वय बसते. तोवर दूध तुटलेले असते, वृषणे व दोरी हाताला नीट लागतात आणि मूत्रमार्गाची काही वाढ झालेली असते. ज्याला पुढे बरेच महिने धान्यावर ठेवायचे आहे, त्याला नर वेगळे बांधून आणखी थोडे थांबलेले चालते.

तीन महिन्यांच्या दहा किलोंच्या उस्मानाबादी पिलाला नऊ इंची छोटा चिमटा वापरतात. गोऱ्ह्याचा मोठा चिमटा त्याच्या नाजूक कातडीला इजा करतो. भुलीच्या औषधाची मात्रा मात्र पिलात जपून मोजावी लागते, कारण शेळीला लिग्नोकेन सहज चढते. सुरक्षित मर्यादा किलोला पाच मिलिग्रॅम धरली तर दहा किलोंच्या पिलाला एकूण पन्नास मिलिग्रॅम होतात. दोन टक्क्यांच्या औषधात दर मिलिलिटरला वीस मिलिग्रॅम असतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून अडीच मिलिलिटरच्या वर जाता येत नाही. गोऱ्ह्याच्या सवयीने एका बाजूला पाच मिलिलिटर दिले तर पिलाला झटके येऊ शकतात. वेदना कमी करण्यासाठी मेलॉक्सिकॅम किलोला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे या पिलाला पाच मिलिग्रॅम आणि आधीच्या गोऱ्ह्याला शंभर मिलिग्रॅम, सुईने द्यावे. वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक देऊ नये. गिधाडे मरत असल्याने जनावरांसाठी त्याच्यावर 2006 साली बंदी आली, आणि मेलॉक्सिकॅम गिधाडांना घातक नसल्याने त्याने डायक्लोफेनॅकची जागा घेतली.

धनुर्वाताबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. खच्चीकरणाच्या दिवशी धनुर्वाताची लस टोचली की काम झाले, असे मानले जाते. लसीपासून संरक्षण तयार व्हायला आठवडे लागतात आणि पहिल्यांदा लस घेणाऱ्या जनावराला काही आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. त्यामुळे आधी लसीकरण झाले असेल तर त्या दिवशीची लस त्या संरक्षणाला बळ देते. आधी झाले नसेल, आणि कडे किंवा शस्त्रक्रिया केली जात असेल, तर लगेच काम करणारे प्रतिविष वेगळे द्यावे लागते. बर्डिझोत जखम नसते, तरी कातडी कुठे सोलली असल्यास हाच विचार करावा लागतो.

हंगामाची निवडही देखभालीचाच भाग आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या, थंड दिवसांत माश्या कमी असतात, जमीन कोरडी असते आणि पेरणी-नांगरटीची निकड कमी असते. पावसाळ्यात चिखलात बसणाऱ्या जनावराच्या अंडकोशाला सारखी घाण लागते, म्हणून तो काळ टाळावा.

काम झाल्यावर गोऱ्ह्याला कोरड्या, मऊ जागी बांधतात आणि पाणी व हलकी वैरण देतात. पहिल्या काही तासांत त्याचे पाय ताठर पडतात, तो शेपूट हलवतो, मागे वळून पाहतो. हे अपेक्षित असते. पुढच्या दोन-तीन दिवसांत अंडकोश जवळजवळ दुप्पट सुजू शकतो. सूज कोमट आणि सैलसर असेल, गोऱ्हा खात असेल, तर घाबरण्यासारखे काही नसते. दिवसातून दोनदा थोडे चालवल्याने सूज उतरायला मदत होते. सूज उतरेपर्यंत, साधारण तीन आठवडे, मानेवर जू देऊ नये. घाई केल्यास वेदनेमुळे गोऱ्हा कामालाच बिचकतो.

काही खुणा मात्र दिसल्या की थांबता येत नाही. अंडकोशाची कातडी निळसर-काळी आणि गार पडली, किंवा तिच्यातून पाणी येऊन दुर्गंधी सुटली, तर ती मरत आहे आणि पशुवैद्याने तातडीने बघायला हवे. सूज वाढत जाऊन पोटाकडे चढत असेल आणि ताप आला असेल तर आत पू होत असावा. एक ते तीन आठवड्यांनंतर जनावर काठीसारखे ताठ चालू लागले, कान उभे राहिले, जबडा उघडेना आणि डोळ्याच्या कोपऱ्यातली पातळ तिसरी पापणी वर आली, तर तो धनुर्वात. पिलू मुतताना कुंथत असेल तर मूत्रमार्ग दबला आहे की काय, हे त्याच दिवशी तपासले पाहिजे. यांपैकी कोणत्याही खुणेवर हळद-तेलाचा लेप हा इलाज नव्हे.

हे काम कोणी करावे याबद्दल कायदा स्पष्ट आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीने केलेले खच्चीकरण गुन्ह्यातून वगळले आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ते किरकोळ सेवांमध्ये घातले असून, राज्याने परवानगी दिलेला प्रशिक्षित कर्मचारी नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली ते करू शकतो. भूल आणि वेदनाशामक औषधांचा निर्णयही पशुवैद्याकडेच असतो.

खच्चीकरण झाले म्हणजे नर लगेच निर्बीज झाला असे नाही. वीर्यवाहिन्यांत आधीच साठलेले बीज काही आठवडे टिकते. म्हणून गोऱ्हा असो की बोकड, त्याला निदान सहा आठवडे माद्यांपासून दूर ठेवावे लागते. या काळात वृषणे हळूहळू कडक होतात, मग आक्रसतात. सहा ते आठ आठवड्यांनी ती पुन्हा हाताने चाचपणे हा या कामाचा शेवटचा आणि बहुतेकदा विसरला जाणारा टप्पा आहे. अंडकोशात लहान, घट्ट, सुपारीसारखी गाठ लागली तर दोरी तुटली आहे. एका बाजूला पूर्वीसारखे भरीव, लवचीक वृषण लागले तर त्या बाजूची धमनी सुटली आहे आणि तिथे चिमटा पुन्हा लावावा लागेल. गोऱ्हा त्यानंतर गाईवर चढला म्हणून खच्चीकरण फसले असे म्हणता येत नाही, कारण ती सवय हार्मोन गेल्यावरही काही काळ राहते. खरे उत्तर त्याच्या वागण्यातून मिळत नाही, ते हाताच्या चाचपणीतूनच मिळते.